सरांवरचा लेख: आरती नको, बायोडाटा नको

प्रश्न: नागपुरातले आमचे खो-खोचे सर गेल्या आठवड्यात वारले, ७९ वर्षांचे होते. एका मासिकाने बाराशे शब्दांचा लेख मागितला आहे. मी त्यांच्याच हाताखाली खेळलो. मनापासून लिहायला गेलो की आरती होते, माहिती लिहायला गेलो की बायोडाटा. शोकसभेत सगळेच म्हणाले, 'सरांनी तीनशे राष्ट्रीय खेळाडू घडवले.' ते लिहू का? आणि सर मारायचेही. त्याचं काय करू?

उत्तर: त्या तीनशेपासूनच सुरुवात करा. बाकीचा लेख त्यातून निघेल, जिव्हाळासुद्धा.

'राष्ट्रीय खेळाडू' हा शब्द मैदानावर फार सैल वापरला जातो. महासंघाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळलेला राष्ट्रीय, शालेय राष्ट्रीय स्पर्धेला गेलेलाही राष्ट्रीय, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आलेल्यालाही गल्लीत 'नॅशनल प्लेअर'च म्हणतात. आंतरविद्यापीठातही पश्चिम विभाग वेगळा आणि अखिल भारतीय वेगळी. विभागात हरून परत आलेला संघ अखिल भारतीय खेळलेलाच नसतो, पण तीस वर्षांनी आठवणीत तो तिथे जाऊन पोचलेला असतो. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. शब्द मोठा असतो, त्यात सगळे मावतात.

नागपूरकरांसाठी यात आणखी एक गुंता आहे. महासंघाच्या खो-खो स्पर्धेत विदर्भ हा महाराष्ट्रापासून वेगळा संघ म्हणून उतरतो. शालेय राष्ट्रीयला मात्र विदर्भ नसतो, तिथे एकच महाराष्ट्र. म्हणजे एकाच मुलीच्या एका प्रमाणपत्रावर विदर्भ आणि दुसऱ्यावर महाराष्ट्र असेल, आणि दोन्ही बरोबर असतील. हे लक्षात न घेता 'महाराष्ट्राच्या संघातून खेळली' असं सरसकट लिहिलं, की जुने खेळाडू पहिल्याच परिच्छेदात मासिक मिटतात. विद्यापीठाचंही तसंच. १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळं झालं. त्याआधीच्या नागपूर विद्यापीठाच्या संघात अकोल्याचा, यवतमाळचा मुलगाही असू शकतो; तो सरांचा विद्यार्थी होता की फक्त त्या संघाचा सोबती, हे विचारावं लागतं. 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज' हे नाव विद्यापीठाला २००५ साली जोडलं गेलं, तेव्हा १९७८ च्या संघाला ते लावू नका.

आता मोजणी. शंभर पानी वही घ्या आणि एका माणसाला एक ओळ द्या. एका स्पर्धेला एक ओळ देऊ नका, घोळ नेमका तिथेच होतो. ओळीत पाच गोष्टी हव्यात: नाव, पहिली राष्ट्रीय स्पर्धा कुठली, साल, कुठल्या संघातून, आणि पुरावा काय. पुरावा म्हणजे प्रमाणपत्राचा फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण, किंवा त्याच संघातल्या दुसऱ्या खेळाडूचा दुजोरा. जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रमाणपत्राचा फोटो टाका' एवढंच लिहा. चार दिवसांत बहुतेक येतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असल्यामुळे लोक लग्नाच्या फोटोंपेक्षा ही प्रमाणपत्रं जास्त जपून ठेवतात, तीही लॅमिनेट करून. ज्यांची नाहीत त्यांच्यासाठी 'तरुण भारत' आणि 'हितवाद'च्या जुन्या फायली आहेत. तिथे बातमी शोधताना अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे तीन दिवस पाहा, कारण बाहेरगावचा निकाल तेव्हा उशिरा यायचा. नावं बहुधा नुसती आडनावं असतात, म्हणून संघाचा फोटो जवळ ठेवा.

मुलींच्या बाबतीत एक काम जास्त करावं लागतं. प्रमाणपत्रावर आणि कात्रणात माहेरचं आडनाव, ग्रुपवर सासरचं. दोन्ही एका ओळीत लिहा. नाहीतर एकच खेळाडू दोनदा मोजली जाते, किंवा एकदाही नाही. ज्या ग्रुपमध्ये नसतात, त्याही बहुतांश मुलीच असतात. त्यांना मैत्रिणींकडून शोधावं लागतं.

समजा, आठवडाभरात वहीत ६१ नावं जमली. त्यातली ३४ महासंघाची राष्ट्रीय खेळलेली, १९ फक्त शालेय आणि ८ फक्त अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. मग तीनशे कुठून आले? एक मुलगी किशोरी गटात एकदा, कुमारींत तीनदा, महिलांत एकदा गेली, तर क्लबच्या फलकावर तिचं नाव पाच वेळा लागतं. फलकावरच्या ओळी कुणीतरी मोजल्या, दीडशेच्या आसपास निघाल्या. सत्काराच्या वेळी त्या 'दोनशे' झाल्या आणि शोकसभेच्या फ्लेक्सवर 'तीनशेहून अधिक'. गणित असं चढत जातं, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस प्रेमानेच चढवत असतो.

फ्लेक्सवरचं वाक्य असं असेल: 'पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत सरांनी तीनशेहून अधिक राष्ट्रीय खेळाडू घडवले.' वहीतून निघालेलं वाक्य असं: 'सरांच्या हाताखालच्या ३४ जणांनी विदर्भाकडून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा खेळली, शालेय आणि विद्यापीठ स्पर्धा धरल्या तर नावं ६१ होतात, आणि त्यांतल्या २७ मुली आहेत.' दुसरा आकडा लहान आहे, तरी तो वाचताना माणसं डोळ्यांपुढे येतात. शिवाय मासिकाच्या कुठल्याही वाचकाने 'नावं सांगा' म्हटलं तर नावं तयार आहेत. 'पन्नास वर्षे' हेही तपासा. १९७२ ते २०१९ म्हणजे ४७. तेवढेच लिहा.

ही वही आणखी एक गोष्ट दाखवते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची: रिकामी जागा. समजा १९८६ पर्यंत दर वर्षी दोन-तीन नावं आहेत, १९८७ ते १९८९ एकही नाही, १९९० पासून पुन्हा सुरू. तिथे बोट ठेवून जुन्या माणसांना विचारा, त्या तीन वर्षांत काय झालं? मैदान हातातून गेलं होतं? घरात आजारपण होतं? क्लब फुटला होता? शोकसभेत हे कुणी बोललेलं नसतं, कारण तिथे शिखरंच मोजतात. सर परत कसे उभे राहिले हे त्या तीन कोऱ्या ओळींतून कळतं. बाराशेतले अडीचशे शब्द त्याला खुशाल द्या.

आता जिव्हाळ्याकडे. 'सर कसे होते?' असं विचारलं की लोक विशेषणं देतात: शिस्तप्रिय, निगर्वी, हाडाचे प्रशिक्षक. ती लिहून घेऊ नका, वेळ जातो. वस्तू, वेळ आणि वाक्य विचारा. सर मैदानावर किती वाजता यायचे, कशावरून, हातात काय असायचं? सामना हरल्यावर पहिलं वाक्य कुठलं? बाहेरगावी गेल्यावर संघ झोपायचा कुठे आणि सर कुठे झोपायचे? चांगला धावक आणि मोठा धावक यांत सर काय फरक सांगायचे? तुमच्या धावण्यात त्यांनी नेमकं काय बदललं? शेवटच्या प्रश्नाला खेळाडू बसल्या जागेवरून उठतो आणि करून दाखवतो, खांबाजवळ खांदा कसा वळवायचा, सूर मारताना नजर कुठे ठेवायची. ते जसंच्या तसं उतरवा. प्रशिक्षकावरच्या लेखात त्याचं शिकवणं नसणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. चाळीस वर्षं तो माणूस रोज जे करत होता तेच गायब असतं.

सरांचं बोलणं साजूक करू नका. नागपूरच्या मैदानावर कुणी 'अरे, तू का थांबला आहेस, खो दे' असं ओरडत नाही. 'काहून थांबला बे, खो दे ना!' असंच ओरडतात, आणि लेखातही तसंच यायला हवं. मात्र तीन जणांनी एकच वाक्य तीन तऱ्हांनी सांगितलं, तर तिन्हींची खिचडी करून चौथं बनवू नका. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव देऊन त्याचंच ठेवा.

जवळून दाखवणं म्हणजे काय, त्याचा एक नमुना देतो:

'पहाटे साडेपाचला सर यायचे तेव्हा सायकलच्या हँडलला दोन वस्तू असत, फक्कीची बादली आणि गाठी मारलेली दोरी. दोरीचं एक टोक या खांबाला, दुसरं त्या खांबाला. मधल्या आठ गाठींखाली आठ चौक. टेप कुणी पाहिला नाही. पुढे मॅट आली, तिच्यावर चौक आधीच आखलेले होते. दोरी आता त्यांच्या मुलीच्या घरी आहे, दाराच्या मागे खिळ्याला. गाठी आठच आहेत. तिसरी थोडी सरकली आहे.'

यात एकही विशेषण सरांना लावलेलं नाही. पण हे लिहिण्यासाठी मुलीच्या घरी जाऊन ती दोरी पाहावी लागते, गाठी मोजाव्या लागतात. सरकलेली तिसरी गाठ घरी बसून सुचत नाही, आणि सुचली तरी लिहायची नसते. भावना कुठून आणायची हा तुमचा प्रश्न बराचसा इथेच मिटतो.

आचरेकर सरांचं नाणं आठवा. स्टंपवर रुपया ठेवायचा. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाला तो मिळणार, सचिन नाबाद राहिला तर सचिनला. सचिनने अशी तेरा नाणी जपून ठेवली, हे त्यानेच सांगितलं आहे. ही आठवण टिकली, कारण तिच्यात वस्तू आहे, नियम आहे, आकडा आहे आणि सांगणारा स्वतः तिथे होता. तुमच्या सरांची अशी एखादी आठवण शोधताना या चार गोष्टी आहेत का ते पाहा.

उलट काही आठवणी गावोगाव फिरत असतात. अनवाणी मुलाला स्वतःच्या पगारातून बूट घेऊन देणारे सर, घरात दुःखद घटना घडली त्याच सकाळी मैदानावर आलेले सर. दर दुसऱ्या प्रशिक्षकावरच्या लेखात या भेटतात. कदाचित तुमच्या सरांच्या बाबतीत खऱ्याही असतील. पण आधी तो मुलगा कोण हे विचारा. 'कुणीतरी एक गरीब मुलगा' असं उत्तर आलं तर सोडून द्या. नाव मिळालं तर त्याला फोन करा. कधी कधी तो सांगतो, 'बूट नाही, एक महिन्याचं दूध होतं.' मग दूध लिहा. खो-खो तर कित्येक वर्षं मातीवर अनवाणीच खेळला गेला, तेव्हा बुटाची गोष्ट तिथे आधीच जरा पोकळ वाजते.

मारण्याचं. इथे 'कडक शिस्तीचे' हा शब्द पांघरूण म्हणून वापरू नका. ज्यांनी मार खाल्ला ते वाचणार आहेत, त्यांना तो शब्द काय झाकतो ते लगेच कळेल. आणि 'छडी लागे छमछम' थाटात त्याचं कौतुकही करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली आहे, आणि तुमचं मासिक आजचे प्रशिक्षकही वाचतात. सरळ लिहायचं: सर मारायचे, कशासाठी मारायचे, आणि ज्याला मारलं तो आज त्याबद्दल काय म्हणतो. हे शेवटचं त्याच्याच तोंडून हवं. सचिनने आचरेकर सरांच्या थपडेची हकीकत स्वतः सांगितली. सरांनी ठरवलेला सामना सोडून तो शाळेच्या मोठ्या संघाचा सामना पाहायला गेला होता. मार खाणाऱ्याने सांगितलं म्हणून ती आठवण ठरते. तीच गोष्ट तिसऱ्याने लिहिली असती तर वकिली झाली असती.

एखादा माजी खेळाडू म्हणाला, 'मारल्यामुळेच मी मैदान सोडलं', तर? त्याला विचारून एक वाक्य ठेवा, नाव न घालताही चालेल: 'काही मुलं त्या हाताला भिऊन परत आली नाहीत.' हे वाक्य लेखाच्या मधोमध असावं. शेवटाला ठेवलं तर निकाल दिल्यासारखं होतं, सुरुवातीला ठेवलं तर बाकीचा लेख सारवासारव वाटतो. पुढचं वाक्य 'पण' ने सुरू करू नका. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ होतं. तक्रार माराच्या पलीकडची, गंभीर असेल, तर ती श्रद्धांजलीच्या एका ओळीत बसवायचा प्रयत्नही करू नका. संपादकाशी बोला, तिथे हा लेखच कदाचित वेगळा लागतो.

दुसरी खपली म्हणजे पुरस्कार. 'शासनाने त्यांची दखल घेतली नाही' हे वाक्य शोकसभेत हमखास येतं. राज्याच्या क्रीडा पुरस्कारांसाठी अर्ज मागवले जातात. सरांनी अर्ज केला होता का, हे घरच्यांना विचारा. केला नसेल तर ते वाक्य खोटं पडतं, आणि त्याहून चांगलं वाक्य हाती लागतं: 'पुरस्काराचा कोरा अर्ज दोनदा घरी आला, दोन्ही वेळा कोराच राहिला.' अर्थात तसं झालं असेल तरच. केला असेल आणि मिळाला नसेल, तर साल देऊन तेवढंच लिहा, कारण चिकटवू नका. मिळाला असेल तर त्या सालचं नेमकं नाव प्रमाणपत्रावरून उतरवा. राज्याचा प्रशिक्षकांचा पुरस्कार पूर्वी दादोजी कोंडदेव यांच्या नावाने होता, पुढे ते नाव गेलं. संघटनेने डावललं, अमक्याने संघ फोडला, या गोष्टी लिहिताना लक्षात ठेवा की तो अमका जिवंत आहे आणि त्याची बाजू विचारल्याशिवाय छापता येत नाही. दोन फोन करायची तयारी नसेल तर तो मजकूर काढा. मात्र एक फोन नक्की करा, सरांच्या विरुद्ध क्लबच्या प्रशिक्षकाला. पंचवीस वर्षं समोरच्या बाजूला उभं राहिलेल्या माणसाला सरांचा खेळ तुमच्यापेक्षा जास्त कळलेला असतो, आणि तो उगाच गोड बोलत नाही.

'मुलांना नोकऱ्या लावल्या' हे तेवढं टाळा. वशिल्यासारखं ऐकू येतं. 'त्यांच्या हाताखाली खेळलेले अमुक जण क्रीडा कोट्यातून पोलिसांत आणि रेल्वेत लागले' असं लिहिलं की सरांचंही काम दिसतं आणि मुलांचंही. 'एनआयएस प्रशिक्षित' लिहिण्याआधी कागद पाहा. पतियाळाचा पदविका अभ्यासक्रम वेगळा आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग वेगळा. दोन्ही करणाऱ्यांना मैदानावर 'एनआयएस कोच' म्हणतात. सहा आठवडे असतील तर सहा आठवडे लिहा. उन्हाळ्याची सुट्टी घालवून पतियाळाला गेलेला शाळामास्तर त्याने लहान होत नाही.

जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै दिसली तर थांबा. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख असू शकते. दाखल्यावरून निवृत्ती ठरते, म्हणून ५८ व्या वर्षी २००४ साली निवृत्त झाले तर कागदोपत्री जन्म १९४६ चा. घरच्यांना विचारा, आई सांगायची तो सण, तो पूर हाती लागला तर तोही लिहा, पण वय कागदाचंच द्या. मासिक महिन्याभराने येतं, तेव्हा 'गेल्या आठवड्यात' न लिहिता तारीख लिहा, आणि निधनाच्या बातमीने सुरुवात करू नका, ती सगळ्यांनी केव्हाच वाचली आहे. मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगितलं तेवढंच.

बाराशेची वाटणी अशी बसते: मैदानावरचं एक दृश्य दीडशे, त्यांचं शिकवणं साडेतीनशे, ती कोरी वर्षं अडीचशे, आकडे आणि कारकीर्द दोनशे, कठीण बाजू शंभर, उरलेल्या दीडशेत घर आणि शेवटचे दिवस. आकडे एकाच ठिकाणी ठेवा, लेखभर पेरू नका. बायोडाटा होतो तो त्यामुळेच. आणि लेखात 'मी' दोनदाच येऊ द्या: एकदा तुम्ही त्यांचे विद्यार्थी होता हे सांगायला, आणि एकदा त्यांनी तुमच्या खेळात काय बदललं ते सांगायला. आरती होते ती तिसऱ्या 'मी'पासून.

छापायला देण्याआधी पूर्ण लेख घरच्यांना पाठवू नका. प्रत्येकाला काही काढायचं असतं, काही घालायचं असतं, आणि तेराव्याच्या घरात त्यावरून वाद होतात. फोन करा आणि फक्त तथ्यं वाचून दाखवा: नावं, तारखा, शाळा, गाव, नातवंडांची संख्या, दोरी कुणाकडे आहे ते. मारण्याबद्दलचं वाक्यही याच फोनवर वाचून दाखवा, छापल्यावर कळायला नको. परवानगी मागू नका, ऐकवा. बहुतेक वेळा पलीकडून थोडा वेळ काही आवाज येत नाही, आणि मग म्हणतात, 'हो, मारायचे. आम्हालाही.' ते लेखात घ्यायचं असेल तर मात्र विचारून घ्या.